आधी मोल मोजा, मग लॉग काढा

बारावीच्या रसायनशास्त्राच्या सरावपत्रिकेत आयनिक समतोलाच्या धड्याखाली एक गणित हमखास असतं. ०.२ मोलर ॲसिटिक आम्लाच्या ५० मिलिलिटर द्रावणात ०.१ मोलर सोडियम हायड्रॉक्साइडचं ३० मिलिलिटर द्रावण मिसळलं, तर मिश्रणाचा सामू किती? ॲसिटिक आम्लाचा विचरण स्थिरांक १.८ × १०⁻⁵ आहे, एवढंच वर दिलेलं असतं.

हे गणित बफर द्रावणाचं आहे, पण त्यात ‘बफर’ हा शब्द कुठे नाही आणि क्षाराचंही नाव नाही. पुस्तकातल्या सूत्रात मात्र क्षार आणि आम्ल यांचं गुणोत्तर मागितलेलं असतं. मग विद्यार्थी समोर दिसणारे दोन आकडे उचलतो, ०.१ आणि ०.२, ते सूत्रात घालतो आणि ४.४४ असं उत्तर काढतो. दुसरा एखादा जरा विचार करतो. क्षार तयार झाला असणार हे त्याला कळतं, म्हणून तो ३ भागिले १० घेतो आणि ४.२२ लिहितो. खरं उत्तर ४.३७ आहे. तिन्ही उत्तरं एकमेकांच्या इतकी जवळ आहेत, की नुसतं पाहून कोणतं चुकलं ते सांगता येत नाही. या प्रकारच्या गणितांमधली खरी अडचण हीच आहे. सूत्र कधी तक्रार करत नाही. त्यात काहीही घातलं तरी ते चारच्या आसपासचा, खराच वाटावा असा आकडा देतं. त्यामुळे सूत्राला हात लावण्याआधी चंबूत नेमकं काय घडलं, हे पाहावं लागतं.

चंबूत सुरुवातीला ॲसिटिक आम्ल आहे. व्हिनेगरला आंबटपणा देणारं हेच आम्ल. ते दुर्बळ आहे, म्हणजे पाण्यात त्याचे बहुतेक रेणू न तुटता तसेच राहतात आणि फार थोडे रेणू हायड्रोजन आयन आणि ॲसिटेट आयन अशा दोन तुकड्यांत विभागले जातात. तुटणं आणि पुन्हा जुळणं सतत चालू असतं, आणि दोन्हींचा वेग सारखा झाला की समतोल साधतो. १.८ × १०⁻⁵ हा आकडा त्या समतोलाचाच आहे:

Ka = [H⁺] × [CH₃COO⁻] ÷ [CH₃COOH]

आता सोडियम हायड्रॉक्साइड ओतलं. ते प्रबळ आहे, त्याचे हायड्रॉक्साइड आयन पूर्णपणे मोकळे असतात आणि समोर येणाऱ्या प्रत्येक ॲसिटिक आम्लाच्या रेणूतला हायड्रोजन काढून घेऊन पाणी बनवतात. ही अभिक्रिया जवळपास शेवटपर्यंत जाते. इथे समतोलाचं गणित मांडायचं नसतं, सरळ वजाबाकी करायची असते. जितके मोल हायड्रॉक्साइड, तितके मोल आम्ल संपलं आणि तितकेच मोल ॲसिटेट तयार झालं.

तर मोल मोजू. ५० मिलिलिटर गुणिले ०.२ म्हणजे १० मिलिमोल आम्ल. ३० मिलिलिटर गुणिले ०.१ म्हणजे ३ मिलिमोल हायड्रॉक्साइड. अभिक्रियेनंतर हायड्रॉक्साइड शून्य, ॲसिटेट ३ मिलिमोल आणि आम्ल १० वजा ३, म्हणजे ७ मिलिमोल. चंबूत आता ८० मिलिलिटर द्रावण आहे आणि त्यात दुर्बळ आम्ल व त्याचाच क्षार शेजारी शेजारी आहेत. प्रश्नात न दिसणारा क्षार हा असा चंबूत जन्माला आला. पहिल्या विद्यार्थ्याने ही अभिक्रियाच घडू दिली नाही. दुसऱ्याने क्षार मोजला, पण त्यासाठी खर्ची पडलेलं आम्ल वजा केलं नाही.

यापुढे समतोलाचं काम सुरू होतं, आणि इथे एक गोष्ट समजून घेतली तर सूत्र पाठ करण्याची गरजच राहत नाही. ७ मिलिमोल आम्ल ८० मिलिलिटरमध्ये एकटंच असतं, तर त्याची संहती ०.०८७५ मोलर झाली असती आणि सामू २.९० आला असता. पण शेजारी ॲसिटेट आयन आधीपासून भरपूर आहेत. आम्लाचा रेणू तुटून हायड्रोजन आयन सुटला, की एखादा ॲसिटेट आयन त्याला लगेच पकडतो. म्हणून आम्लाचं विचरण दबून जातं. याला समान आयन परिणाम म्हणतात. ते किती दबतं, हे वरच्या समीकरणातून थेट कळतं. समीकरण फिरवून लिहिलं, तर हायड्रोजन आयनांची संहती म्हणजे १.८ × १०⁻⁵ गुणिले आम्ल भागिले ॲसिटेट. आम्ल ७ आणि ॲसिटेट ३ घेतलं, की उत्तर ४.२ × १०⁻⁵ मोलर येतं. एकट्या आम्लाच्या द्रावणात याच्या सुमारे तीसपट हायड्रोजन आयन असते.

बारकाईने पाहणाऱ्याला इथे शंका यावी. आम्लातून थोडे रेणू तुटलेच ना? मग आम्ल ७ पेक्षा किंचित कमी आणि ॲसिटेट ३ पेक्षा किंचित जास्त व्हायला नको का? व्हायला हवं, आणि होतंही. पण ते किती, हे तपासू. तुटलेलं आम्ल म्हणजे ४.२ × १०⁻⁵ मोलर, आणि ॲसिटेटची संहती आहे ३ भागिले ८०, म्हणजे ०.०३७५ मोलर. पहिला आकडा दुसऱ्याच्या नऊशेव्या भागाइतका आहे. म्हणून तो सोडून देता येतो. हे सोडून देणं म्हणजे नियम नव्हे, हा एक अंदाज आहे, आणि तो इथे खरा ठरतो कारण आपण तो तपासला.

दुसरी गोष्ट अशी, की वरच्या गणितात मी ८० मिलिलिटरने भागलंच नाही. भागलं असतं, तर आम्ल आणि ॲसिटेट दोघांनाही त्याच आकड्याने भागलं असतं आणि गुणोत्तर तेच राहिलं असतं. दोन्ही पदार्थ एकाच चंबूत असल्यामुळे बफरच्या गणितात मोलचं गुणोत्तर पुरतं. यामुळे निम्मी आकडेमोड वाचते. तरीही पुष्कळ मुलं दोन्ही संहती चार दशांश स्थळांपर्यंत काढत बसतात.

आता हेच समीकरण लॉगमध्ये लिहिलं, की पुस्तकातलं सूत्र मिळतं:

pH = pKa + log ([क्षार] ÷ [आम्ल])

या सूत्राला हेंडरसन-हॅसलबाल्क समीकरण म्हणतात. लॉरेन्स हेंडरसन हे अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठातले संशोधक. रक्त आपली आम्लता कशी सांभाळतं, याचा शोध घेताना त्यांनी १९०८ मध्ये दुर्बळ आम्ल आणि त्याच्या क्षाराचा हा संबंध मांडला. त्यांच्या समीकरणात लॉग नव्हता आणि सामूही नव्हता, कारण सामू ही कल्पनाच १९०९ मध्ये आली. ती मांडली डेन्मार्कच्या सोरेन सोरेन्सन यांनी, कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत. पुढे १९१६ मध्ये कार्ल हॅसलबाल्क या डॅनिश संशोधकाने हेंडरसनचं समीकरण सामूच्या भाषेत लिहिलं, तेही रक्तासाठीच. रक्तात बायकार्बोनेट लिटरमागे सुमारे २४ मिलिमोल असतं आणि विरघळलेला कार्बन डायऑक्साइड सुमारे १.२ मिलिमोल. गुणोत्तर २०, त्याचा लॉग १.३०, आणि त्यात ६.१ मिळवले की ७.४, म्हणजेच निरोगी रक्ताचा सामू. सरावपत्रिकेतलं सूत्र रुग्णालयातल्या रक्तवायू तपासणीच्या यंत्रातही वापरलं जातं, ते याच रूपात.

आपल्या चंबूकडे परत येऊ. १.८ × १०⁻⁵ चा ऋण लॉग म्हणजे पीकेए, तो ४.७४ आहे. त्यात ३ भागिले ७ चा लॉग मिळवायचा. महाराष्ट्राच्या बारावीच्या परीक्षेत कॅल्क्युलेटर चालत नाही, लॉगची कोष्टकं वापरावी लागतात, आणि नेमकं इथे पुष्कळांचं गणित घसरतं. ३ भागिले ७ म्हणजे ०.४२८६. कोष्टकातून त्याचा लॉग १ बार .६३२० असा मिळतो. बार फक्त १ वर आहे. म्हणजे तो ऋण एक अधिक ०.६३२०, एकूण ऋण ०.३६८. पण घाईत तो ऋण १.६३२ असा वाचला जातो आणि सामू ३.११ येतो.

ही चूक पकडण्याची खूण आहे. आम्ल क्षाराच्या दुपटीहून थोडं जास्त आहे. गुणोत्तर दहापट झालं तर सामू एकाने बदलतो, तर दुप्पट-अडीचपट असताना तो अर्ध्याहूनही कमी बदलला पाहिजे. सामू पीकेएपासून दीडहून जास्त अंकांनी सरकायचा, तर आम्ल क्षाराच्या चाळीसपटीच्या वर हवं होतं. मला मुलांना सांगावंसं वाटतं ते असं, की बारच्या वाटेला जाऊच नका. मोठ्या आकड्याला लहान आकड्याने भागा. ७ भागिले ३ म्हणजे २.३३३, त्याचा लॉग ०.३६८, सरळ धन. मग एकच प्रश्न उरतो: मिळवायचा की वजा करायचा? आम्ल जास्त असेल तर द्रावण पीकेएपेक्षा आंबट, म्हणून वजा. क्षार जास्त असेल तर मिळवा. ४.७४ वजा ०.३७ म्हणजे ४.३७.

सरावपत्रिकेतला पुढचा उपप्रश्न बहुधा असा असतो: या द्रावणात ०.१ मोलर हायड्रोक्लोरिक आम्लाचे १० मिलिलिटर टाकले तर? पद्धत तीच, फक्त वजाबाकीची दिशा उलटी. १ मिलिमोल हायड्रोजन आयन आले. त्यांना ॲसिटेटने पकडलं. ॲसिटेट ३ वरून २ झालं आणि आम्ल ७ वरून ८. गुणोत्तर चार, लॉग ०.६०, सामू ४.१४. हेच १० मिलिलिटर ८० मिलिलिटर साध्या शुद्ध पाण्यात टाकले असते, तर सामू ७ वरून थेट १.९५ वर आला असता. इथे तो ०.२३ ने हलला. हायड्रोक्लोरिक आम्लाऐवजी तितकंच सोडियम हायड्रॉक्साइड टाकलं असतं, तर आम्ल ६ आणि ॲसिटेट ४ झालं असतं आणि सामू ४.५६ आला असता, म्हणजे ०.१९ ने वर. दोन्ही बाजूंचा बदल सारखा नाही, कारण आपल्याकडे ॲसिटेट कमी आहे आणि आम्ल जास्त. दोन्ही ५-५ मिलिमोल असते, तर सामू बरोबर ४.७४ असता आणि दोन्ही बाजूंना प्रतिकार सारखा झाला असता.

सामू हलत नाही म्हणजे टाकलेलं आम्ल नाहीसं होत नाही. ते ॲसिटेट खर्च करून ॲसिटिक आम्लाच्या रूपात साठतं. आणि ॲसिटेट संपण्यासारखं आहे. तीन मिलिमोल हायड्रोक्लोरिक आम्ल टाकलं की ते पूर्ण संपतं. तेव्हा सूत्रात क्षाराच्या जागी शून्य येतो, आणि शून्याचा लॉग नसतो. काही मुलं इथे अडतात, आपलंच काही चुकलं असं समजतात. चुकलेलं काही नसतं. हे आता बफर राहिलेलं नाही, एवढंच सूत्र सांगत असतं. ११० मिलिलिटरमध्ये १० मिलिमोल दुर्बळ आम्ल उरलं आहे, त्याचा सामू दुर्बळ आम्लाच्या रीतीने काढायचा, तो २.८९ येतो. चौथा मिलिमोल टाकला की तो मोकळाच राहतो आणि सामू २.०८ वर येतो. दुसऱ्या टोकालाही असंच आहे. सुरुवातीलाच ३० ऐवजी १०० मिलिलिटर सोडियम हायड्रॉक्साइड मिसळलं असतं, तर सगळं आम्ल संपून फक्त सोडियम ॲसिटेट उरलं असतं आणि सामू ८.७८ आला असता, क्षाराच्या जलविघटनामुळे. म्हणून वजाबाकीनंतर दोन्ही पदार्थ शिल्लक आहेत का, हे पाहायचं. दोन्ही असतील तरच हे सूत्र.

दोन्ही शिल्लक असूनही सूत्र फसण्याची एक जागा आहे. आपलं ४.३७ सामूचं द्रावण पाणी घालून दुप्पट केलं, तर गुणोत्तर तेच राहतं, त्यामुळे सामूही जवळपास तोच राहतो. पण हजारपट पातळ केलं तर? सूत्र अजूनही ४.३७ म्हणेल. आता मात्र ॲसिटेटची संहती ३.७५ × १०⁻⁵ मोलर आहे आणि सुटणारे हायड्रोजन आयनही त्याच पातळीवरचे आहेत. मघाशी नऊशेवा भाग म्हणून सोडून दिलेली गोष्ट आता सोडता येत नाही. वर्गसमीकरण मांडून सोडवलं तर सामू ४.६८ येतो. शाळेच्या सरावपत्रिकेत इतकं पातळ द्रावण सहसा देत नाहीत, पण उत्तर आल्यावर हायड्रोजन आयनांची संहती क्षाराच्या संहतीशी ताडून पाहायला अर्धं मिनिटही लागत नाही.

आता उलटं गणित. सामू ५.०० असलेलं बफर बनवायचं आहे. अर्धा लिटर द्रावण हवं आणि त्यात ॲसिटिक आम्ल ०.१ मोलर हवं, तर किती ग्रॅम सोडियम ॲसिटेट तोलायचं? ५.०० वजा ४.७४ म्हणजे ०.२६, त्याचा प्रतिलॉग १.८२. आम्ल ०.०५ मोल, म्हणून क्षार ०.०९१ मोल. सोडियम ॲसिटेटचं रेणुवस्तुमान ८२, म्हणून ७.४६ ग्रॅम. कागदावर गणित संपलं.

प्रयोगशाळेत मात्र बाटली हातात घ्यावी लागते. सोडियम ॲसिटेट दोन प्रकारचं मिळतं. एक निर्जल, CH₃COONa. दुसरं स्फटिकजल असलेलं, CH₃COONa·3H₂O, त्याचं रेणुवस्तुमान १३६. लेबल न वाचता दुसऱ्या बाटलीतून ७.४६ ग्रॅम तोललं, तर प्रत्यक्षात ०.०५५ मोलच क्षार पडतो. गुणोत्तर १.८२ ऐवजी १.१० होतं आणि सामू ५.०० ऐवजी ४.७८ येतो. क्षार पाण्यात विरघळतो, द्रावण स्वच्छ दिसतं, चुकीची कुठलीच खूण डोळ्यांना दिसत नाही. सामूमापकाने मोजल्याशिवाय हे कळत नाही. स्फटिकजलाच्या क्षाराचे १२.३८ ग्रॅम घ्यायला हवे होते.

आणि बाटली बरोबर असली, तोलही बरोबर असला, तरी मापक ५.०० दाखवत नाही, थोडं कमीच दाखवतो. यात विद्यार्थ्याचा दोष नसतो. ॲसिटिक आम्ल आणि सोडियम ॲसिटेट दोन्ही ०.१ मोलर असलेलं द्रावण जगभर काळजीपूर्वक मोजलं गेलं आहे. २५ अंश सेल्सिअसला सूत्र त्याचा सामू ४.७४ सांगतं, मापक सुमारे ४.६५ दाखवतो. कारण असं, की द्रावणातला प्रत्येक ॲसिटेट आयन ऋणभारित असतो आणि त्याच्याभोवती सोडियमचे धनभारित आयन गोळा होतात. या गर्दीमुळे ॲसिटेट आयन हायड्रोजन आयनाला पकडण्यात संहतीवरून वाटतो तितका मोकळा राहत नाही. सूत्र सगळे आयन मोजतं, पण समतोलात त्यांचा प्रत्यक्ष प्रभाव त्याहून कमी असतो. द्रावण पातळ असेल तर हा फरक कमी होतो. दोन्ही पदार्थ ०.०१ मोलर असतील, तर मापकाचा आकडा ४.७ च्या थोडा वर, म्हणजे सूत्राच्या बराच जवळ येतो.

म्हणून प्रयोगशाळेत सूत्राने काढलेलं वजन ही सुरुवात असते. क्षार आणि आम्ल अर्ध्या लिटरपेक्षा कमी, साधारण चारशे मिलिलिटर पाण्यात मिसळायचं. ज्ञात सामूच्या प्रमाण द्रावणांनी जुळवून घेतलेला मापक त्यात बुडवायचा. आकडा कमी दिसला तर सोडियम हायड्रॉक्साइडचे थेंब टाकत, ढवळत, थांबत ५.०० पर्यंत आणायचा. थेंब जास्त पडून सामू पुढे गेला, तर ॲसिटिक आम्लाने मागे आणायचा, हायड्रोक्लोरिक आम्लाने नव्हे, नाहीतर द्रावणात क्लोराइडचे आयन उगीच वाढतात. सामू जमला की मोजपात्रातल्या खुणेपर्यंत पाणी भरायचं. आधी खुणेपर्यंत भरून मग थेंब टाकले, तर आकारमान पाचशेच्या पुढे जातं आणि संहती बिघडते.

बाटलीवर लेबल लावताना ॲसिटेट बफर, सामू ५.००, आम्लाची आणि क्षाराची संहती, तापमान आणि तारीख लिहायची. ॲसिटेट हे सूक्ष्मजीवांचं अन्न असल्याने बाटली थंड जागी ठेवायची. आठवड्यांनंतर द्रावण गढूळ दिसलं किंवा तळाशी धाग्यासारखं काही दिसलं, तर ते टाकून नवं बनवायचं.